फोटोतला स्कोअरबोर्ड अरबीत नेताना 1-2 चं 2-1 कसं होतं

२२ नोव्हेंबर २०२२, कतारमधलं लुसैल स्टेडियम, वर्ल्डकपची मॅच, अर्जेंटिना 1, सौदी अरेबिया 2. फुटबॉल बघणाऱ्यांना हा निकाल आठवतच असेल कारण तेव्हा कुणाचाच विश्वास बसत नव्हता. आता समजा भिंतीवर लावलेल्या इंग्रजी फिक्श्चर चार्टचा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढलाय, त्यात ही ओळ आहे, आणि तुम्हाला तो अख्खा तक्ता अरबीत करून द्यायचाय. नावं बरोबर लिहिलीत, आकडे बरोबर टाईप केलेत, स्पेलिंग दोनदा तपासलं, फाईल पाठवली. आणि समोरचा अरबी वाचक वाचतो की अर्जेंटिना 2-1 ने जिंकली.

एकही शब्द चुकलेला नाही, एकही आकडा चुकलेला नाही, तरी निकाल उलटा. आणि यातली वाईट गोष्ट म्हणजे उलटा झालेला निकाल बघून कुणालाच शंका येत नाही, कारण अर्जेंटिनाने 2-1 ने जिंकणं ही तर अगदी साधी वाटणारी गोष्ट आहे. तक्त्यांच्या भाषांतरात मला सगळ्यात जास्त काळजी याच चुकीची वाटते, म्हणून बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो आणि ही नीट उलगडून सांगतो.

मूळ मुद्दा असा की अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात हे सगळ्यांना माहीत असतं, पण अरबीतले आकडे मात्र डावीकडून उजवीकडेच जातात हे पटकन लक्षात येत नाही. दोनशे पंचेचाळीस अरबीतही 245 असंच दिसतं, शतकाचा आकडा सगळ्यात डावीकडे. म्हणजे एकाच ओळीत अक्षरं एका दिशेने चाललीत आणि आकडे दुसऱ्या. कुठला तुकडा कुठे बसवायचा हे आपण नाही ठरवत, स्क्रीनवर अक्षरं मांडणारं सॉफ्टवेअर ठरवतं, त्यासाठी युनिकोडने, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक मानकाने, नियम घालून दिलेत. त्या नियमांत प्रत्येक चिन्हाला एक स्वभाव दिलाय. अरबी अक्षर ठाम उजवीकडून, रोमन किंवा देवनागरी अक्षर ठाम डावीकडून, 0 ते 9 हे आकडे थोडे लवचिक, शेजारी कोण आहे बघून वागणारे, आणि डॅश, कोलन, कंस, स्पेस ही मंडळी तर पूर्णपणे शेजाऱ्यांवर अवलंबून. स्कोअर म्हणजे नेमका या लवचिक मंडळींचाच घोळका, दोन आकडे आणि मधे एक चिन्ह, म्हणून तोच आधी घसरतो.

हे तुमच्याच स्क्रीनवर बघता येईल. खाली एकच निकाल दोनदा टाईप केलाय, आधी अल-अर्जंतीन म्हणजे अर्जेंटिना, मग 1, मग 2, मग अस-सौदिया म्हणजे सौदी. फरक फक्त मधल्या चिन्हाचा आहे, पहिल्या ओळीत हायफन आणि दुसऱ्या ओळीत कोलन.

```
الأرجنتين 1-2 السعودية
الأرجنتين 1:2 السعودية
```

दोन्ही ओळींत उजवीकडचं नाव अर्जेंटिना आहे, डावीकडचं सौदी. पहिल्या ओळीत अर्जेंटिनाच्या शेजारी 1 दिसेल आणि सौदीच्या शेजारी 2, म्हणजे निकाल बरोबर. दुसऱ्या ओळीत अर्जेंटिनाच्या शेजारी 2 येऊन बसलाय. टाईप करताना क्रम तोच होता हां, पहिल्यांदा 1 आणि मग 2, दोन्ही वेळा.

का झालं असं, तर अरबी अक्षरांनंतर आलेल्या आकड्यांच्या मधे कोलन असेल तर नियम म्हणतो की हा सगळा एकच आकडा समजा, घड्याळातल्या वेळेसारखा, आणि तो आख्खा डावीकडून उजवीकडे दाखवा. म्हणून 1:2 हा एक गठ्ठा झाला आणि तो तसाच्या तसा मधे चिकटवला. हायफनला त्याच जागी ही सवलत नाही, तिथे 1 आणि 2 सुटे पडतात आणि अरबीच्या चालीने उजवीकडून एकामागून एक बसतात. म्हणजे कोलन वेळेला वाचवतो, 13:00 कुठेही टाका ते 13:00 च दिसतं, आणि तोच कोलन स्कोअरला मारतो. तिरकी रेघ म्हणजे स्लॅश पण कोलनसारखीच वागते, त्यामुळे क्रिकेटचा 245/6 अरबी ओळीत शाबूत राहतो, पण कुणी तो 245-6 असा हायफनने लिहिला तर सहा रनांवर दोनशे पंचेचाळीस विकेट असं काहीतरी डोळ्यासमोर येतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की चला, हायफन वापरायचा, प्रश्न मिटला. नाही मिटत. कारण तक्त्यात स्कोअर बहुतेक वेळा वेगळ्या चौकटीत असतो, नावं त्यांच्या चौकटीत, स्कोअर त्याच्या. चौकटीत एकटं 1-2 असेल तर त्याच्याआधी कुठलंच अरबी अक्षर नाही, मग हायफन दुसऱ्या नियमात जातो, दोन साध्या आकड्यांच्या मधला एकटा हायफन म्हणजे तो पण आकड्याचाच भाग, आणि 1-2 पुन्हा गठ्ठा होऊन डावीकडून उजवीकडे दिसतं. तक्त्याची दिशा मात्र अरबी केलेली असल्यामुळे रकाने उलटे झालेत, अर्जेंटिना उजव्या रकान्यात गेली, सौदी डाव्या. मधे 1-2, ज्यातला 2 उजवीकडे आहे, म्हणजे अर्जेंटिनाच्या बाजूला. झाला निकाल उलटा! तेच 1-2, तोच हायफन, वाक्यात बरोबर आणि चौकटीत चूक.

पुढे अजून आहे. हायफनऐवजी थोडी लांब रेघ, छापील मजकुरात असते ती, टाकली तर चौकटीतसुद्धा आकडे सुटे होऊन उजवीकडून बसतात. हायफनच्या दोन्ही बाजूंना स्पेस दिली तरी तसंच. आकडे अरबी लिपीतले ١ आणि ٢ वापरले तर हायफन असूनही सुटे होतात. आणि आपल्यासाठी एक खास गोष्ट, मूळ फोटो मराठी असेल आणि कुणी १-२ हे देवनागरी आकडे तसेच ठेवले तर युनिकोडच्या हिशोबात देवनागरी आकडे ठाम डावीकडून वाचले जाणारे आहेत, रोमन अक्षरांसारखे, त्यामुळे ते कुठेही ठेवा, डावीकडून उजवीकडेच दिसणार. वर सगळी सॉफ्टवेअरं हे नियम हुबेहूब एकसारखे पाळतातच असंही नाही, ब्राउझरमध्ये बरोबर दिसणारी ओळ वर्ड प्रोसेसरमध्ये वेगळी दिसू शकते. एवढ्या शक्यता लक्षात ठेवून प्रत्येक ओळीला चिन्ह निवडत बसणं कुणालाच जमणार नाही, आणि जमवू पण नये.

त्यापेक्षा स्कोअर हा एक मजकूर आहे ही कल्पनाच सोडून द्यायची. 1-2 हा एक मजकूर नाहीच मुळात, ते दोन वेगळे आकडे आहेत, एक अर्जेंटिनाचा आणि एक सौदीचा, मधली रेघ नुसती शोभेची. म्हणून तक्त्यात त्यांना दोन वेगळ्या चौकटी द्यायच्या. वेबपेजसाठी करत असाल तर असं:

```html
<table dir="rtl" lang="ar">
  <tr>
    <td>الأرجنتين</td>
    <td>1</td>
    <td>–</td>
    <td>2</td>
    <td>السعودية</td>
  </tr>
</table>
```

आता चौकटीत एकच आकडा आहे, एकट्या आकड्याला उलटायला जागाच नाही. तक्ता उजवीकडून सुरू होतो, पहिली चौकट उजवीकडे अर्जेंटिना, तिला लागून 1, मग रेघ, मग 2, मग सौदी. तक्ता कुणी उद्या पुन्हा डावीकडून केला तरी 1 अर्जेंटिनाला चिकटूनच जाणार. स्प्रेडशीटमध्ये पण हेच, शीट उजवीकडून डावीकडे करायचं सेटिंग लावा आणि गोल दोन कॉलमांत ठेवा. यात अजून एक फायदा लपलाय, स्प्रेडशीटमध्ये 1-2 असं एका चौकटीत टाईप केलं की बऱ्याचदा ती तारीख समजून एक फेब्रुवारी किंवा दोन जानेवारी होऊन बसते, तोही त्रास वाचतो.

दोन चौकटी करायला जागाच नसेल, म्हणजे नुसत्या मेसेजमध्ये पाठवायचं असेल, तर टीमागणिक ओळ करायची. वरच्या ओळीत अर्जेंटिना आणि तिचे गोल, खालच्या ओळीत सौदी आणि तिचे. वर-खाली ही दिशा अरबीत आणि इंग्रजीत सारखीच असते, त्यामुळे टीमचा क्रम पण शाबूत आणि आकडाही आपल्या मालकापाशी.

क्रमाचा विषय निघालाय तर सांगतो. अरबीत पहिलं म्हणजे उजवीकडचं. इंग्रजी फिक्श्चरमध्ये डावीकडे लिहिलेली टीम पहिली असते, आणि फुटबॉलमध्ये पहिली म्हणजे सहसा घरच्या मैदानावरची, म्हणून क्रम हा नुसता दिसण्याचा भाग नाही, त्यात माहिती आहे. अमेरिकन खेळांत उलटं असतं, बेसबॉल, बास्केटबॉलच्या तक्त्यात पाहुणी टीम आधी लिहितात आणि मधे @ असतं, म्हणजे अमक्यांच्या मैदानावर. ते @ बघून घाईत ضد म्हणजे दिद्द, विरुद्ध, एवढंच लिहिलं तर घर कुणाचं ही माहिती गेली. तिथे على أرض म्हणजे अला अर्द, अमक्याच्या मैदानावर, असं लिहावं लागतं. क्रम मात्र फोटोत आहे तोच ठेवायचा, फुटबॉलची सवय लावून यजमानांना पुढे आणायचं नाही.

दुसरा प्रसंग म्हणजे तक्ता नव्याने बनवायचा नाहीये, फोटोवरच इंग्रजी शब्द झाकून त्या जागी अरबी शब्द बसवायचेत. इथे नियम बरोबर उलटा लागतो. फोटो आहे तसाच आहे, डावीकडचा झेंडा डावीकडेच राहणार, बोर्डावरचा मोठा लाल 1 डावीकडेच राहणार, मग अर्जेंटिनाचं नावसुद्धा डावीकडेच राहिलं पाहिजे, अरबी असलं म्हणून काय झालं. अरबी वाचक उजवीकडून वाचायला घेईल तेव्हा त्याला आधी सौदी 2 आणि मग अर्जेंटिना 1 दिसेल, पण निकाल बरोबर कळेल. एकतर सगळं फिरवायचं, नावं, झेंडे, गोल, रकाने सगळं, नाहीतर काहीच फिरवायचं नाही. मी पाहिलेल्या बहुतेक चुका अर्धवट फिरवल्यामुळे झालेल्या होत्या, नावं फिरली आणि आकडे राहिले, किंवा हेडिंगं फिरली आणि खालच्या ओळी राहिल्या.

हेडिंगं आणि ओळींचं एक उदाहरण घेऊ, अर्जेंटिना आणि सौदी ज्यात होते तो ग्रुप सी. फोटोत शेवटची गुणतालिका अशी आहे:

```
     P  W  D  L  GF GA GD  Pts
ARG  3  2  0  1  5  2  +3  6
POL  3  1  1  1  2  2   0  4
MEX  3  1  1  1  2  3  -1  4
KSA  3  1  0  2  3  5  -2  3
```

आता समजा हेडिंगं अरबी क्रमाने फिरली पण W म्हणजे विजय, D म्हणजे बरोबरी, L म्हणजे पराभव, या तीन रकान्यांतले आकडे फिरले नाहीत. पोलंडची ओळ बघा, 1 1 1, फिरवा नाहीतर नका फिरवू, तसंच दिसतं, गोल पण 2 आणि 2. मेक्सिकोचं पण 1 1 1. तुम्ही तपासायला मधली एखादी ओळ उचलली तर सगळं ठीक वाटणार. तपासायला घ्यायची ती अर्जेंटिनाची किंवा सौदीची ओळ, जिथे विजय आणि पराभव वेगळे आहेत. अर्जेंटिनाचे विजयाखाली 2 आणि पराभवाखाली 1 हवेत, विजयाला तीन गुण धरले की 2 × 3 + 0 = 6, जुळलं. उलटे पडले असतील तर 1 × 3 + 0 = 3 येईल आणि शेवटच्या रकान्यात 6 आहे, म्हणजे कुठेतरी रकाने सरकलेत.

हाच हिशोब फोटो वाचतानाही कामाला येतो, कारण भाषांतराच्या आधी आकडे बरोबर वाचले गेलेत का हाच प्रश्न असतो. फोटो तिरका असला की डोळा किंवा मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर एका ओळीवरून खालच्या ओळीवर घसरतं. एलईडी बोर्डाचा फोटो असेल तर अजून एक गोष्ट, बऱ्याच बोर्डांवरचे दिवे सतत पेटलेले नसतात, ते आळीपाळीने फार भराभर पेटतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं, आणि मग फोटोत 8 चा मधला दांडा गायब होऊन 0 दिसतो नाहीतर 7 ची वरची रेघ जाऊन 1 उरतो. अशा वेळी अंदाजाने आकडा भरायचा नाही. तालिका असेल तर ती स्वतःच सांगते, जिंकलेल्या, बरोबरीच्या आणि हरलेल्या मॅचेसची बेरीज P म्हणजे खेळलेल्या मॅचेस एवढी हवी, GF म्हणजे केलेल्या गोलांतून GA म्हणजे झालेले गोल वजा केले की GD म्हणजे फरक यायला हवा, आणि ग्रुपच्या सगळ्या मॅचेस आपसातच झाल्या असतील तर सगळ्या टीम्सच्या GF ची बेरीज आणि GA ची बेरीज सारखी हवी. वरच्या तालिकेत 5, 2, 2, 3 मिळून 12 आणि 2, 2, 3, 5 मिळून पण 12.

आणि फोटोत निकाल आणि तालिका दोन्ही असतील तर मग उलटलेला स्कोअरसुद्धा पकडता येतो. अर्जेंटिना सौदीविरुद्ध 2-1 ने जिंकली असती तर तिचे तिन्ही सामने जिंकून 9 गुण झाले असते, सौदीचा एकही नसता. तालिका म्हणते 6 आणि 3. म्हणजे आपल्या अरबी तक्त्यावरून एखाद्याने गुण मोजले आणि ते त्याच तक्त्यातल्या तालिकेशी जुळले नाहीत, तर कुठलातरी स्कोअर उलटलाय हे नक्की. मी हे मोजणं मूळ फोटोवरून करत नाही, तयार झालेल्या अरबी पानावरून करतो, उजवीकडून वाचत, कारण चूक जिथे झालीये तिथेच शोधायला हवी.

त्या GD रकान्यात अजून एक छोटा खड्डा आहे. +3 आणि -2 अरबी चौकटीत टाईप केले की चिन्ह आकड्याच्या उजवीकडे जाऊन बसतं, 3+ आणि 2- असं दिसतं. वाचक समजून घेतो बहुतेक वेळा, पण शेजारी दुसरा आकडा असेल तर वजा कुणाचं आहे कळत नाही. यावर उपाय म्हणजे चिन्हाच्या आधी एक न दिसणारं खूणचिन्ह टाकायचं, युनिकोडमध्ये U+200E, ते सॉफ्टवेअरला सांगतं की इथून डावीकडून वाच. वेबपेजवर त्या चौकटीला `dir="ltr"` दिलं तरी चालतं.

आता संक्षेप. इथे दोन वेगळ्या जातीचे संक्षेप आहेत आणि त्यांना एकच वागणूक देता येत नाही. पहिली जात म्हणजे टीमचे तीन अक्षरी कोड, ARG, KSA, POL. हे फिफाने ठरवलेले कोड आहेत, शब्द नाहीत, म्हणून ते रोमन अक्षरांत तसेच ठेवायचे. अरबीत कॅपिटल अक्षरं नसतात आणि अक्षरं एकमेकांना जोडली जातात, त्यामुळे पहिली तीन अक्षरं उचलून कोड बनवला तर तो भलताच एखादा शब्द वाटू शकतो. आणि कोड सुधारायला पण जायचं नाही, सौदीचा फुटबॉलमधला कोड KSA आहे, देशांच्या आयएसओ यादीत SAU आहे, अल्जीरियाचा फुटबॉलमध्ये ALG आणि यादीत DZA. फोटोत जो आहे तो.

पण कोड अरबी नावाशेजारी कंसात टाकला की पुन्हा दिशेचा गोंधळ सुरू होतो, आणि तो जरा बघण्यासारखा आहे. नाव, कंसात ARG, मग 1-2, मग कंसात KSA, मग नाव, असं सरळ एका ओळीत टाईप करा. रोमन अक्षरांनंतर आलेले आकडे रोमन अक्षरांच्या मागे जातात, त्यामुळे 1-2 आणि KSA मिळून डावीकडून वाचायचा एक ठोकळा होतो, तो अख्खा ARG च्या डावीकडे बसतो, आणि शेवटी दिसतं असं की ARG आणि KSA शेजारी शेजारी आलेत आणि स्कोअर मधून निघून सौदीच्या नावाला जाऊन चिकटलाय. म्हणून प्रत्येक कोड वेगळा कुंपणात घालायचा, वेबवर `<bdi>ARG</bdi>`, आणि साध्या मजकुरात कोडच्या आधी U+2066 आणि नंतर U+2069. ही कुंपणाची चिन्हं २०१३ मध्ये युनिकोड 6.3 मध्ये आली, आतला मजकूर आत, बाहेरच्याला त्याचा वारा लागत नाही.

दुसरी जात म्हणजे रकान्यांची हेडिंगं, P, W, D, L. ही मात्र भाषांतर करायचीच, कारण ती इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत आणि अरबी तालिकांमध्ये त्यांचे ठरलेले शब्द आहेत. खेळले ते لعب लइब, विजय فوز फौझ, बरोबरी تعادل तआदुल, पराभव خسارة खसारा, गुण نقاط निकात. मला सगळ्यात आवडतात ते केलेल्या आणि झालेल्या गोलांचे शब्द, له लहू म्हणजे त्याच्यासाठी आणि عليه अलैही म्हणजे त्याच्यावर, दोन छोटे शब्द आणि रकान्यात चपखल बसतात. फरकाला الفارق अल-फारिक.

यात फसायचं कुठे, तर फोटो इंग्रजीच आहे असं गृहीत धरण्यात. D इंग्रजीत बरोबरी, पण पोर्तुगीज तालिकेत V, E, D असतात आणि तिथे D म्हणजे पराभव. P इंग्रजीत खेळलेले सामने, स्पॅनिश आणि फ्रेंच तालिकेत P म्हणजे हरलेले. अक्षरावर विश्वास ठेवायचा नाही, वर सांगितला तो गुणांचा हिशोब लावायचा, कुठला रकाना तिनाने गुणल्यावर गुण जुळतात तो विजयाचा, मग बाकीचे आपोआप कळतात.

मॅचच्या स्थितीचे संक्षेप पण असतात, FT म्हणजे सामना संपला, त्याला انتهت इंतहत, पुढे ढकललेल्याला مؤجلة मुअज्जला. यातला एकच नीट सांगतो, PEN. इंग्रजीत खेळ चालू असताना मिळालेली पेनल्टी आणि बरोबरीनंतरचं शूटआऊट दोन्हीला हे एकच चालतं, अरबीत दोन वेगळे शब्द आहेत, चालू खेळातली ती ركلة جزاء रकलत जझा, म्हणजे शिक्षेची किक, आणि शूटआऊट म्हणजे ركلات الترجيح रकलात अत-तर्जीह, पारडं झुकवणाऱ्या किका. नावातच सगळं आलं.

क्लबच्या तक्त्यात नावांचा प्रश्न वेगळा. अरबी क्लबचं नाव इंग्रजीत वाचून पुन्हा अरबीत उच्चारावरून लिहायचं नाही, ते नाव मुळात अरबीच आहे, ते आहे तसं शोधून आणायचं. इंग्रजी H मागे अरबीतली दोन वेगळी अक्षरं असू शकतात, अल-हिलाल मधला ह हलका الهلال, आणि अल-फतेहचा ह घशातला الفتح, उच्चारावरून लिहिलं की यातलं एक हमखास चुकतं. शिवाय इजिप्तचा अल-अहली आणि सौदीचा अल-अहली इंग्रजीत Ahly आणि Ahli असे वेगळे दिसतात, अरबीत दोघंही الأهلي. दोन्ही एकाच तक्त्यात असतील तर शेजारी المصري म्हणजे इजिप्तचा आणि السعودي म्हणजे सौदीचा असं जोडायला लागतं, नाहीतर स्वतःशीच मॅच खेळल्यासारखं दिसतं.

आकडे 1 2 3 ठेवायचे की ١ ٢ ٣ करायचे, हे वाचक कुठला यावर आहे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियाकडे 1 2 3 च चालतात, इजिप्तपासून आखातापर्यंत दुसरेही भरपूर वापरतात. काहीही निवडा पण अख्ख्या तक्त्यात एकच. त्या आकड्यांत ٢ आणि ٣ आपल्या २ आणि ३ सारखे दिसतात त्यामुळे आपल्याला सोपे वाटतात, पण ٥ म्हणजे पाच, शून्य नाही, शून्य म्हणजे नुसता ठिपका ٠, आणि ٦ बघून सात वाटतो तो सहा आहे. अरबी तक्ता परत तपासताना आपली नजर इथेच चुकते.

शेवटची एक ओळ करून दाखवतो, ६ डिसेंबर २०२२, मोरोक्को विरुद्ध स्पेन. फोटोत आहे MAR 0-0 ESP, आणि खाली कंसात 3-0 PEN. इथे 0-0 उलटलं काय नि न उलटलं काय, सारखंच, म्हणजे कोण पुढे गेलं हे फक्त त्या कंसातल्या 3-0 वर अवलंबून आहे, आणि तेच एकट्या चौकटीतलं हायफनवालं आहे, म्हणजे सगळ्यात धोक्याचं. म्हणून कंसाची जोडी मोडायची. उजवीकडून पहिली चौकट मोरोक्को المغرب, मग त्याचा 0 आणि खाली त्याच चौकटीत कंसात 3, मग रेघ, मग स्पेनचा 0 आणि खाली कंसात 0, मग إسبانيا, आणि ओळीखाली रकलात अत-तर्जीह. कंसातला 3 आता मोरोक्कोच्याच चौकटीत आहे, तक्ता कुठल्याही बाजूने फिरवला तरी तो तिथून हलत नाही.